‘फक्त हात फिरवा’ म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रबंध सादर करायची तारीख जवळ आली की फोन सुरू होतात. वाक्य बहुतेक वेळा एकच असतं. "ताई, लिहून सगळं झालंय, तुम्ही फक्त हात फिरवा." मी दादरला एका छापखान्यात मुद्रितं तपासून या धंद्यात आले आणि गेली काही वर्षं मुख्यतः प्रबंधांचंच काम करते. या ‘फक्त’मध्ये किती वेगवेगळी कामं लपलेली असतात, हे मलाही बऱ्याच उशिरा कळलं.

पहिलं काम मुद्रितशोधनाचं. ऱ्हस्वदीर्घ, विरामचिन्हं, गाळलेले शब्द, तक्ता ४.२ म्हटलंय आणि खाली छापलाय ४.३, असलं सगळं. दुसरं भाषेचं संपादन: वाक्य अडखळतंय, कर्ता हरवलाय, एकाच गोष्टीला तीन ठिकाणी तीन नावं आहेत. तिसरं रचनेचं: हा परिच्छेद इथे नको, तिकडे हवा, या प्रकरणाला शेवटच नाही. आणि चौथं म्हणजे सरळ लिहून देणं. फोनवरचा माणूस पहिलं काम सांगतो, फाइल उघडल्यावर दुसरं दिसतं, अर्ध्यात पोचेपर्यंत आपण तिसऱ्यात असतो, आणि रात्री अकरा वाजता कंटाळून "हे असं लिहिलं की झालं" म्हणत चौथं कधी केलं ते कळतही नाही.

पुस्तकाच्या बाबतीत या चारही गोष्टी संपादक करू शकतो. प्रकाशकाकडे आलेली कादंबरी संपादकानं निम्मी छाटली तरी वाचकाची फसवणूक होत नाही, कारण वाचक पुस्तक विकत घेत असतो, लेखकाची परीक्षा घेत नसतो. प्रबंध ही परीक्षा आहे. बहिःस्थ परीक्षक त्यातलं प्रत्येक वाक्य वाचून ठरवतो की या उमेदवाराला विचार करता येतो की नाही. त्यात माझं एक चांगलं वाक्य घुसलं तर गुण माझ्या वाक्याला मिळतात आणि पदवी दुसऱ्याला. म्हणून छापखान्यात ज्याला ‘चोख काम’ म्हणायचो तेच इथे आगाऊपणाचं ठरतं.

जगात काही ठिकाणी संपादकांच्या संस्थांनीच ही रेघ आखून ठेवली आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्यावसायिक संपादकांच्या संस्थेची प्रबंधांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यानुसार पैसे घेऊन काम करणाऱ्या संपादकानं भाषा, आकृत्या-तक्ते, पूर्णता आणि एकसारखेपणा एवढंच बघायचं. रचनेबद्दल सांगायचंच असेल तर नमुना म्हणून एखादा तुकडा करून दाखवायचा, बाकीचं विद्यार्थ्यानं स्वतः करायचं. कॅनडातल्या संस्थेचाही असाच दस्तऐवज आहे, आणि त्यात संपादनाला शिक्षकाची परवानगी हवी यावर भर आहे. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे वाङ्मयचौर्यविरोधी नियम सगळा भार प्रतिज्ञेवर टाकतात: हे काम माझं स्वतःचं आहे असं विद्यार्थी लिहून देतो आणि काम चौर्यमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मार्गदर्शक देतो. या दोन सह्यांच्या मध्ये माझी सही कुठेच नसते. पण मी जे केलेलं असतं त्यावर त्या दोघांची सही असते.

मी स्वतःसाठी एकच कसोटी ठेवली आहे. ही दुरुस्ती पानावर जे आहे त्यातून निघाली, की माझ्या डोक्यातून? पानातून निघाली असेल तर करायची. डोक्यातून निघाली असेल तर समासात प्रश्न लिहायचा आणि हात मागे घ्यायचा. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात कसं होतं, ते एका परिच्छेदावर दाखवते. (दोन-तीन कामांची सरमिसळ करून आणि ओळख पुसून हे उदाहरण घेतलंय.)

परळच्या एका संशोधकाचा समाजशास्त्रातला मराठी प्रबंध. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, सकाळची तुकडी संपली की दुपारी लालबाग-काळाचौकीच्या चाळींत मुलाखती घ्यायची. विषय गिरणगावातल्या खाणावळी चालवणाऱ्या बायका. गिरणी कामगार गावाकडे कुटुंब ठेवून मुंबईत एकटे राहायचे, आणि त्यांचं दोन वेळचं जेवण या बायका आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत रांधायच्या. पैसे पगाराला. चौथ्या प्रकरणातला हा परिच्छेद माझ्याकडे आला तेव्हा असा होता:

"गिरणगावातील खाणावळवाल्या महीलांची आर्थीक परिस्थिती संपानंतर खालावली. १९८३ साली संप सुरु झाल्यावर कामगार गावी निघून गेले, त्यामुळे त्यांनी उधारी बुडवली आणि सावकाराकडे दागिने गहाण ठेवले. मुलाखत घेतलेल्या ४२ पैकी ३१ स्त्रीयांनी (७३ टक्के) खाणावळ बंद केली. यावरून असे दिसते की हा पारंपारिक व्यवसाय नष्ट झाला."

आधी सोपं. ‘महीलांची’चं ‘महिलांची’, ‘आर्थीक’चं ‘आर्थिक’, ‘सुरु’चं ‘सुरू’, ‘स्त्रीयांनी’चं ‘स्त्रियांनी’, ‘पारंपारिक’चं ‘पारंपरिक’. पाच दुरुस्त्या, आणि पाचांनाही मराठीचे मान्य शुद्धलेखनाचे नियम आहेत. त्यात माझं मत कुठेही नाही. ‘परंपरा’ला ‘इक’ लागला की फक्त पहिला स्वर वाढतो, मधल्या ‘प’ला काना यायचं काही कारण नाही, तरी अर्धी मुंबई तो देते. या दुरुस्त्या मी `Track Changes` चालू ठेवून सरळ करते आणि पुढे जाते.

सहावी दुरुस्ती करायला हात शिवशिवतो आणि तिथेच थांबावं लागतं. पहिल्या वाक्यात ‘महिला’ आहे, तिसऱ्यात ‘स्त्रिया’. एकसारखेपणाच्या नावाखाली मी पूर्वी बेधडक एक शब्द निवडून सगळीकडे टाकायचे. पण स्त्री-अभ्यासाच्या प्रबंधात ‘बाई’, ‘स्त्री’ आणि ‘महिला’ हे तीन शब्द तीन वेगळ्या अर्थांनी वापरलेले असू शकतात. ‘महिला’ सरकारी योजनेतली, ‘स्त्री’ सिद्धान्तातली आणि ‘बाई’ चाळीतली, असं एका विद्यार्थिनीनं मला ठणकावून सांगितलं होतं. म्हणून समासात लिहिलं: "तिन्ही शब्द येतात. फरक मुद्दाम आहे का? असेल तर पहिल्या प्रकरणात एकदा सांग, नसेल तर कुठला ठेवायचा ते कळव." यात मी निर्णय घेतलेला नाही. निर्णय घ्यायची जागा फक्त दाखवली आहे.

आता १९८३. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा गिरणी संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला, हे मुंबईत वाढलेल्या माझ्या पिढीला पाठ आहे. मग तीनचा दोन करून टाकायला काय हरकत? हरकत अशी की साल हे संशोधकानं केलेलं विधान आहे, त्याची जबाबदारी तिची आहे. ते चुकलं असेल तर का चुकलं हे तिनंच शोधायला हवं, कारण एक साल चुकलेलं असतं तिथे बहुधा आणखी काहीतरी घसरलेलं असतं. मी लिहिलं: "संप जानेवारी १९८२मध्ये सुरू झाला. इथे १९८३ हा टंकनदोष आहे, की तू वेगळ्या कशाबद्दल बोलते आहेस? संदर्भ बघ." नंतर कळलं की तिच्या नोंदवहीत १९८३ होतं ते खाणावळी बंद पडायला लागल्या त्या सालाचं. संपाचं साल आणि खाणावळ बंद होण्याचं साल तिनं एकाच वाक्यात कोंबलं होतं. मी मुकाट्यानं १९८२ केलं असतं तर संप सुरू होता होता खाणावळी बुडाल्या असा अर्थ कायमचा राहिला असता. प्रत्यक्षात बायकांनी वर्षभर उधारीवर माणसं जेवू घातली होती, आणि तिच्या प्रकरणाचा जीव नेमका तिथेच होता.

मग आकडे. ३१ भागिले ४२ म्हणजे ७३.८, म्हणजे पूर्णांकात ७४ टक्के, ७३ नव्हे. हे गणित मी करून बघतेच, प्रत्येक टक्केवारीचं. पण मोठी भानगड पुढे होती. पुढच्या पानावरच्या तक्त्यात बंद खाणावळी २९ होत्या. २९ खरं की ३१, हे मला कळायचा मार्गच नाही. ते तिच्या मुलाखतींच्या वह्यांत आहे. अशा ठिकाणी ‘मजकुरातला आकडा तक्त्याप्रमाणे केला’ असं करणारे तपासनीस असतात, आणि ते काम नीटनेटकं दिसतं. पण दोन आकड्यांतला फरक हा परीक्षकाला मिळालेला एकमेव पुरावा असतो की मोजणीत काहीतरी गडबड आहे. तो पुरावा मी पुसायचा नाही. मी दोन्ही ठिकाणी पिवळं करून प्रश्न टाकला. तिनं वह्या परत मोजल्या. दोन बायकांनी खाणावळ बंद करून पुन्हा सुरू केली होती, त्यांना एकदा इकडे आणि एकदा तिकडे मोजलं गेलं होतं.

सगळ्यात अवघड होतं ते मधलं वाक्य. "कामगार गावी निघून गेले, त्यामुळे त्यांनी उधारी बुडवली आणि सावकाराकडे दागिने गहाण ठेवले." व्याकरणानं बघितलं तर दागिने कामगारांनी गहाण ठेवले. अर्थानं बघितलं तर उघड आहे: उधारी कामगारांनी बुडवली आणि दागिने बायकांनी ठेवले. भाषेचं संपादन माझ्या हद्दीत येतं, तेव्हा वाक्य तोडून मी असं करू शकले असते: "कामगार गावी निघून गेल्यामुळे त्यांच्याकडची उधारी बुडाली. परिणामी खाणावळवाल्या बायकांना सावकाराकडे दागिने गहाण ठेवावे लागले." छान वाक्यं आहेत. कर्ते स्पष्ट, कार्यकारण स्पष्ट, वाचायला गुळगुळीत. मी ती टाइपही केली होती.

मग ‘परिणामी’वर नजर अडली. तो शब्द माझा होता. तिच्या वाक्यात ‘त्यामुळे’ होतं, पण ते उधारीला चिकटलेलं होतं, दागिन्यांपर्यंत पोचतं की नाही ते स्पष्ट नव्हतं. ते मी पोचवलं. वाक्य परत तिचं होतं तसं केलं आणि समासात विचारलं: "दागिने कुणी ठेवले? आणि केव्हा? उधारी बुडाली म्हणून, की आधीच?"

दुसऱ्या दिवशी तिचा फोन. "ताई, दागिने संपाच्या आधीपासूनच गहाण होते. महिन्याचं रेशन भरायला बायका दर महिन्याला ठेवायच्या आणि पगाराला सोडवायच्या. संपात फक्त ते सुटायचे राहिले." मी थोडा वेळ काही बोललेच नाही. गहाण ही खाणावळ चालवायची रोजची रीत होती. संपानं त्या चक्रातला सोडवायचा अर्धा भाग तोडला. मी केलेली सुंदर वाक्यं तशीच राहिली असती तर तिच्या प्रबंधात एक खोटा निष्कर्ष शुद्ध मराठीत छापला गेला असता, आणि तोंडी परीक्षेत कुणी विचारलं असतं तर तिलाच कळलं नसतं की आपण असं कधी म्हटलं.

मी लोकांना सांगते की वाक्य गुळगुळीत करणं हे सगळ्यात धोक्याचं काम, ते यासाठी. खडबडीत वाक्यात विचार कुठे अडलाय ते दिसतं. इस्त्री फिरवली की सुरकुती जाते, पण कापड तिथे फाटलेलं होतं की नुसतं चुरगळलेलं, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. ‘त्यामुळे’, ‘परिणामी’, ‘म्हणूनच’, ‘तरीही’ हे जोडशब्द वरवर भाषेचे दिसतात, पण संशोधनात तेच विधान असतात. स्वल्पविराम मी बिनधास्त बदलते. ‘त्यामुळे’ला विचारल्याशिवाय हात लावत नाही.

शेवटचं वाक्य: "हा पारंपरिक व्यवसाय नष्ट झाला." बेचाळीसपैकी अकरा तरी खाणावळी चालू होत्या, मग नष्ट कसा? विसंगती दाखवणं माझ्या हद्दीत बसतं, कारण दोन्ही वाक्यं पानावरच आहेत. मी एवढंच लिहिलं: "हे आणि याच्या आधीचं वाक्य जुळतं का?" त्यापुढे "नष्ट म्हणण्यापेक्षा रूपांतर म्हण, उरलेल्या बायका डबे देऊ लागल्या असतील" असं लिहायचा मोह झाला होता, कारण प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये याच बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ती गोष्ट मला माहीत होती. पण ते माझ्या डोक्यातलं. वाचून शोधायचं काम तिचं आणि सुचवायचं काम तिच्या मार्गदर्शकांचं.

रेघ ओलांडायला नेहमी मोहच लागतो असं नाही, नुसता उत्साहही पुरतो. सुरुवातीच्या काळातला माझाच किस्सा. एका प्रबंधाच्या परिशिष्टात बायकांच्या मुलाखती होत्या, बोलल्या तशा उतरवलेल्या. "आमी रातच्याला तीनला उठायचो. बावीस मानसांचं जेवान. खानावळ सणालाबी बंद नाय." मी छापखान्याच्या सवयीनं लाल शाई चालवली. ‘आमी’चं ‘आम्ही’, ‘मानसांचं’चं ‘माणसांचं’, ‘जेवान’चं ‘जेवण’, आणि ‘खानावळ’चं ‘खाणावळ’ तर शोधून-बदलून एका झटक्यात सगळीकडे. साताऱ्याची, रत्नागिरीची, सगळ्या बायका एकाच शाळेत शिकल्यासारख्या बोलायला लागल्या. त्या मुलाच्या प्रबंधात घाटावरच्या आणि कोकणातल्या बायकांच्या बोलीतला फरक हा एका प्रकरणाचा विषय होता. त्याच्या मार्गदर्शक बाईंनी फाइल परत पाठवली आणि त्याला ध्वनिमुद्रणं पुन्हा ऐकून एकेक मुलाखत परत बसवावी लागली. पंधरा दिवस गेले. मी पैसे परत केले, पण पंधरा दिवस परत करता येत नाहीत.

मुलाखत हा पुरावा असतो, आणि पुरावा शुद्ध करायचा नसतो. तेव्हापासून काम सुरू करायच्या आधी मी अर्ध्या पानाचा कागद बनवते: कुठले शब्द कसे लिहायचे, संदर्भ कुठल्या पद्धतीनं द्यायचे, आणि सगळ्यात वर, "अवतरणचिन्हांतल्या आणि परिशिष्टातल्या मजकुराला हात नाही." संशोधकाच्या निवेदनात ‘खाणावळ’, बाईच्या तोंडी ‘खानावळ’. दोन्ही बरोबर.

आता त्या विनंतीबद्दल, जी हल्ली ‘हात फिरवा’पेक्षाही जास्त येते: "ताई, प्लॅग कमी करून द्या." म्हणजे सॉफ्टवेअरनं अमुक टक्के साम्य दाखवलंय, ते दहाच्या खाली आणा. दहाचा आकडा आयोगाच्या २०१८च्या नियमांतून येतो. दहा टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून परत द्यायचं, त्याच्यावर साठपर्यंत असेल तर वर्षभर सादर करता येत नाही, आणि साठच्या वर नोंदणीच रद्द. त्यामुळे मुलं त्या आकड्यालाच घाबरतात. प्रश्न चोरीचा आहे हे विसरून तो अंकगणिताचा वाटू लागतो.

परळच्या त्याच प्रबंधाचा पहिला अहवाल २७ टक्के आला. ती रडकुंडीला आलेली. मी म्हटलं, आधी अहवाल उघड, कुठे काय रंगवलंय ते बघू. यात मदत करणं पूर्ण रास्त आहे. बघितलं तर संदर्भसूची मोजलेली होती, अवतरणचिन्हांतले उतारे मोजलेले होते, कायद्याची कलमं मोजलेली होती. नियमांप्रमाणे संदर्भ दिलेली अवतरणं, सूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायदे आणि प्रमाणित संज्ञा वगळायच्या असतात, शिवाय सर्वसाधारण किंवा योगायोगानं जुळलेले सलग चौदा शब्दांपर्यंतचे तुकडेही. ग्रंथालयात तिनं त्याप्रमाणे वगळून परत तपासणी करून घेतली तेव्हा १४ उरले. इथवर कुणीच काही लपवलेलं नाही, फक्त मोजणी नीट झाली.

उरलेल्या चौदांतला मोठा वाटा दुसऱ्या प्रकरणात होता, पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात. चार परिच्छेद शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातल्या एका जुन्या प्रबंधातून जवळजवळ जसेच्या तसे आले होते. तिनं टिपणं काढताना उतरवून घेतले आणि लिहिताना विसरली की ते आपले नाहीत. हे खूप होतं, आणि दर वेळी मनात पाप असतंच असं नाही. पण इथून पुढे मी काय करते यावर सगळं ठरतं. त्या चार परिच्छेदांतले शब्द मी पालटून दिले, ‘स्थलांतर’च्या जागी ‘देशांतर’ आणि कर्तरीचं कर्मणी केलं, तर आकडा दहाच्या खाली येईल. पण विचार दुसऱ्याचाच राहील, संदर्भ नसेलच, आणि आता तो सापडणारही नाही. हे संपादन नव्हेच, चोरीच्या मालाचा रंग बदलणं आहे. बाजारात हे काम पानाच्या भावानं करून देणारे आहेत. त्यांचा माल ओळखायला सोपा असतो. त्यात पर्यायी शब्द कोशातून उचललेले असतात, ‘खाणावळ’ची मध्येच ‘भोजनगृह’ होते आणि ‘गिरणी कामगार’ एका वाक्यापुरता ‘कापडउद्योगातील श्रमिक’ होतो.

मी तिला त्या चार जागा दाखवल्या आणि सांगितलं, फाइल बंद कर, ज्या प्रबंधातून आलंय तो परत वाच, तोही बंद कर, आणि त्यानं काय म्हटलंय ते मला तोंडी सांग. पहिल्या परिच्छेदाबद्दल तिनं दोन वाक्यांत सांगितलं. तेवढंच तिला लागणार होतं. बाकी सहा ओळी तिच्या कामाच्याच नव्हत्या. तिनं ती दोन वाक्यं लिहिली, संदर्भ दिला. तिसरा परिच्छेद तिला इतका नेमका वाटला की तो अवतरणचिन्हांत तसाच ठेवला. चौथा काढून टाकला. आकडा आला ८. पण तो १४ राहिला असता तरी मी शब्द पालटले नसते, हे तिला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. काम घ्यायच्या आधी मार्गदर्शकांची लेखी संमती, दोन ओळींचा ईमेलही चालतो, त्यात मी काय करणार आणि काय नाही ते लिहिलेलं. काम झाल्यावर दुरुस्त्या दिसतील अशीच फाइल द्यायची, कोरी स्वच्छ प्रत द्यायची नाही. मुलं `Accept All` दाबून मोकळी होतात, त्याला उपाय म्हणून महत्त्वाच्या गोष्टी मी मजकुरात न करता समासातल्या प्रश्नांतच ठेवते. तिथे दाबून काही होत नाही, उत्तर द्यावंच लागतं. आणि ऋणनिर्देशात एक ओळ: "या प्रबंधाची भाषिक तपासणी आणि मुद्रितशोधन अमुक यांनी केले; आशय, मांडणी आणि निष्कर्ष माझे आहेत." ही ओळ लिहायला जो विद्यार्थी कां-कूं करतो, त्याला माझ्याकडून वेगळंच काहीतरी हवं असतं, हे बहुतेक वेळा खरं ठरलंय.

स्वतःवर पहारा ठेवायची माझी एक घरगुती युक्ती आहे. मला ‘किंबहुना’ या शब्दाची वाईट खोड आहे. तपासलेल्या प्रकरणात तो शोधते. मूळ फाइलमध्ये नव्हता आणि आता आहे, म्हणजे तिथे मी लिहीत होते, तपासत नव्हते. ते वाक्य परत करते.

त्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं. तारीख दहा दिवसांवर. परळ स्टेशनबाहेर चहा घेताना ती म्हणाली, "ताई, निष्कर्षाची दोनच पानं आहेत. तुम्हाला आता माझ्यापेक्षा जास्त माहितीय. तुम्ही लिहा, मी बघून घेते." खोटं नव्हतं तिचं. मला वाक्यंसुद्धा दिसत होती. मी म्हटलं, "अगं, मोबाइल काढ, रेकॉर्डिंग लाव आणि मला सांग, बेचाळीस बायकांशी बोलून तुला असं काय कळलं जे आधी माहीत नव्हतं?" ती गप्प. मग म्हणाली, ते गहाणाचं. मग, ज्या परत सुरू करू शकल्या त्या दोघी कोण होत्या. मग, कामगार गावी गेल्यावरही काही जण वर्षानं येऊन उधारी देऊन गेले, ते कुठल्याच तक्त्यात बसत नाही. मी मधून मधून "का?" आणि "कशावरून?" एवढंच विचारत होते. चाळीस मिनिटं झाली. टपरीवाला दोनदा येऊन गेला.

चार दिवसांनी फाइल आली. पाच पानं होती. वाक्यं थोडी लांब, दोन ठिकाणी अडखळणारी, पण सगळी तिची. ‘पारंपारिक’ तीनदा होतं. तेवढं दुरुस्त केलं, एका ‘त्यामुळे’पाशी प्रश्न टाकला आणि परत पाठवली.